चर एक, नियम एक: खोदकामाच्या सुरक्षा सूचना सगळ्यांसाठी नव्याने कशा लिहायच्या

बांधकामाच्या साइटवर सुरक्षेचा एकच नियम निदान तीन रूपांत फिरत असतो. ऑफिसातल्या फाइलमध्ये तो छापील भाषेत असतो, सुपरवायझरच्या डोक्यात त्याची सोयीची आवृत्ती असते, आणि मजुरापर्यंत पोचतं ते मुकादमाचं सकाळचं एक वाक्य. ज्याला वाचता येतं तो पहिलं रूप पाळतो आणि ज्याला येत नाही तो तिसरं, इतकं हे सरळ नसतं. बहुतेक वेळा कागद वाचू शकणारा माणूसच त्यातल्या मोघम शब्दांचा आपल्या सोयीने अर्थ लावतो. म्हणून फक्त मजुरांसाठी सोपी भाषा केली की काम झालं, असं होत नाही. सुपरवायझरचा कागद आणि मजुराचं चित्र यांतून एकच कृती निघाली पाहिजे.

हे काम नव्याने हाती घेणाऱ्याने सगळी सुरक्षा पुस्तिका एकदम लिहायला बसू नये. एक काम निवडावं. इथे पाइपलाइन किंवा पाया यांसाठी खोदलेला चर घेऊ, कारण त्यात धोका दिसत नाही आणि नियम मापांवर चालतात. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतं. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस, डोकं बाहेर असलं तरी, श्वास घेऊ शकत नाही असं होऊ शकतं. आणि चराची भिंत ढासळते ती बहुधा बाजूला व्हायला वेळ न देता.

पहिली पायरी: आज कोण काय सांगतं ते गोळा करा

लिहायच्या आधी ऐका. इंजिनिअर, सुपरवायझर, मुकादम आणि तीन-चार मजूर यांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारा: "या चरात कधी उतरायचं नाही?" उत्तरं त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. समोरासमोर बसवून विचारू नका, कारण मग सगळे सर्वांत मोठ्या माणसाचं उत्तर देतात.

साधारण असं ऐकू येतं. इंजिनिअर म्हणतो, "दीड मीटरच्या पुढे आधार नसेल तर." सुपरवायझर म्हणतो, "माती भुसभुशीत असेल तर." मुकादम म्हणतो, "डोक्याच्या वर गेला तर." आणि मजूर म्हणतो, "मुकादम नको म्हणाला तर." चारही उत्तरं प्रामाणिक आहेत, पण ती चार वेगळे नियम आहेत. दीड मीटर आणि डोक्याची उंची यांत फरक आहे, आणि डोकं तर प्रत्येकाचं वेगळ्या उंचीवर असतं. उत्तरांतली ही तफावत हीच तुमच्या कामाची यादी. जिथे सगळ्यांचं उत्तर आधीच जुळतं तिथे हात लावू नका.

दुसरी पायरी: जुनं वाक्य फोडा

अशा सूचना साधारणपणे या वळणाच्या असतात:

"दीड मीटरपेक्षा अधिक खोलीच्या उत्खननामध्ये आवश्यकतेनुसार योग्य तो आधार देण्यात यावा, उत्खनित माती काठापासून सुरक्षित अंतरावर ठेवण्यात यावी, चढ-उतारासाठी पुरेशी व्यवस्था असावी व सक्षम व्यक्तीने वेळोवेळी तपासणी करावी."

या एका वाक्यात चार नियम आहेत. शिवाय "देण्यात यावा" म्हटल्यावर कोणी द्यायचा हे गायब होतं. "आवश्यकतेनुसार", "योग्य", "सुरक्षित", "पुरेशी", "वेळोवेळी" हे पाच शब्द लाल पेनाने गोल करा. यातला प्रत्येक शब्द म्हणजे कोणालातरी जागेवर निर्णय घ्यायची दिलेली मोकळीक आहे. घाई असते तेव्हा ती मोकळीक कामाच्या बाजूने वापरली जाते.

आता प्रत्येक नियमाला हेच प्रश्न विचारा: कोणी करायचं, नेमकं काय, कधी, किती, आणि ते नसेल तर काय. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. "भिंतींना आधाराच्या फळ्या लावाव्यात" एवढंच लिहिलं तर फळ्या नसताना काय करायचं हे उघडं राहतं, आणि मजुराच्या दृष्टीने खरा नियम तिथेच असतो. त्याच्या हातात फळ्या मागवणं नाही, उतरायचं की नाही एवढंच आहे.

वरच्या वाक्यातून आपल्या उदाहरणातल्या साइटपुरते हे नियम निघाले:

१. चर लाल पट्ट्यापेक्षा खोल आहे आणि फळ्या-टेकू नाहीत, तर उतरायचं नाही.
२. माती आणि सामान पांढऱ्या रेघेच्या बाहेर.
३. शिडीनेच उतरायचं. शिडीचा पिवळा भाग काठाच्या वर दिसला पाहिजे.
४. भेग, पाणी किंवा सुटणारी माती दिसली, तर "बाहेर!" ओरडायचं आणि सगळ्यांनी निघायचं.
५. मुकादमाने बघितल्याशिवाय शिडी लागणार नाही.

लाल पट्टा, पांढरी रेघ आणि पिवळा भाग कुठून आले, ते पुढच्या पायरीत.

तिसरी पायरी: आकडा कागदावरून उचलून वस्तूवर ठेवा

"१.५ मीटर" हे वाचता आलं तरी मोजता यावं लागतं. सुपरवायझरच्या खिशात टेप असतो, मजुराच्या नसतो. मग मजूर अंदाज करतो आणि सुपरवायझर त्याचा अंदाज खोडतो. दोघांच्या हातात एकच माप असेल, तरच दोघांना एकच नियम पाळता येतो.

खोलीसाठी अडीच मीटरची एक सरळ काठी घ्या आणि तळापासून दीड मीटरवर तळहाताएवढा लाल पट्टा रंगवा. पट्ट्याची खालची कड हे माप. काठावरून काठी सरळ खाली सोडायची आणि टोक तळाला टेकवायचं. मापासाठी कोणीही चरात उतरायचं नाही. काठीला उभं धरायला सोपं जावं म्हणून चरावर एक फळी आडवी टाकून तिला काठी टेकवतात. पूर्ण पट्टा काठाच्या वर दिसत असेल तर चर मर्यादेच्या आत, जराही काठाखाली बुडाला तर बाहेर. दोन्ही काठ सारखे नसतील तर उंच काठ धरायचा. हे कागदावर लिहिण्यापेक्षा काठी दोन्ही बाजूंनी लावून दाखवणं सोपं पडतं.

दीड मीटर हा आकडा सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेतल्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेच्या नियमांत ही मर्यादा ५ फूट, म्हणजे जवळपास तेवढीच आहे. पूर्ण टणक खडक मात्र त्यातून वगळला आहे. तुमच्या कामाला लागू असलेला नियम याहून कडक असेल तर पट्टा तिथे रंगवा. रंगवलेली जागा मात्र साइटभर एकच हवी. एका चराला एक काठी आणि दुसऱ्याला दुसरी, असं झालं की परत दोन नियम झाले.

मातीच्या अंतरासाठी खोदकाम सुरू व्हायच्या आधीच काठापासून एक मीटरवर फक्कीची पांढरी रेघ मारून घ्या. ओशाची किमान मर्यादा २ फूट आहे. या साइटने एक मीटर ठरवलं, कारण ढिगारा उतरत उतरत काठाकडे येतोच. काठ ढासळून चर रुंद झाला तर रेघ नव्याने मारावी लागते, आणि हे काम कोणाचं ते नावानिशी ठरलेलं असावं. गाड्या आणि खोदाईचं मशीन यांचं अंतर वेगळं. ते इंजिनिअर ठरवतो आणि तिथे ओंडका आडवा टाकतो. मजुराला तिथे काहीही मोजावं लागत नाही.

शिडीचा नियम मला सर्वांत आवडतो. शिडी काठाच्या वर साधारण तीन फूट यावी, म्हणजे वर येताना धरायला आधार राहतो. हे वाक्य सांगत बसण्याऐवजी शिडीचा वरचा एक मीटर पिवळा रंगवून टाका. पिवळा भाग पूर्ण वर दिसला की शिडी पुरेशी लांब आहे. अर्धा दिसला की तोकडी. सुपरवायझरला वीस पावलांवरून चूक दिसते, आणि नवख्या मजुरालाही दिसते.

एक सावधगिरी. लाल पट्ट्याच्या आतला चर सुरक्षितच असतो, असा अर्थ लोक फार पटकन काढतात. एक मीटर खोल चरात वाकून पाइप जोडणाऱ्या माणसाचं डोकं तळाजवळ असतं, आणि ओलसर, आधी कधीतरी भर घातलेली माती तेवढ्या खोलीतही कोसळते. म्हणून चौथा नियम खोलीवर अवलंबून ठेवलेला नाही. भेग दिसली की बाहेर, चर गुडघाभर असला तरी.

चौथी पायरी: अपवाद आधी मिटवा

खरी फूट इथे पडते. चराच्या भिंती उतरत्या कापल्या तर फळ्यांशिवायही काम करता येतं, हे सुपरवायझरला माहीत असतं. मजुराला मात्र "फळ्या नाहीत तर उतरायचं नाही" एवढंच सांगितलेलं असतं. मग एके दिवशी उतार कापलेल्या चरात सुपरवायझर माणसं उतरवतो. तो चुकलेला नसतो, पण मजुराच्या नजरेत नियम मोडलेला असतो. त्यातून तो शिकतो की साहेब म्हणाले की नियम नसतो. पुढच्या वेळी उतार नसलेल्या चरातही तो विचारत नाही.

यावर "किंवा योग्य उतार असल्यास" असं वाक्याला जोडणं हा सोपा उपाय वाटतो, पण तो नको. योग्य म्हणजे किती, ते मातीवर ठरतं आणि काठीवर रंगवता येत नाही. त्यापेक्षा असं ठरवा की या साइटवर फळ्या-टेकू हाच नियम. उतार कापायचाच असेल तर तो निर्णय खोदायच्या आधी इंजिनिअर घेईल, आणि त्या चराला वेगळं चित्र, वेगळी पाटी लागेल. उतारवाल्या चराशेजारी फळ्यांचं चित्र कधीही राहू द्यायचं नाही. मजुराने समोर जे पाहिलं ते आणि पाटीवरचं चित्र जुळलं पाहिजे.

सुपरवायझरच्या कागदावर मजुरांपेक्षा जास्त मजकूर असायला हरकत नाही. टेकू किती अंतरावर, फळ्या कोणत्या क्रमाने बसवायच्या आणि कोणत्या क्रमाने काढायच्या, पाऊस पडून गेल्यावर काय तपासायचं, हे सगळं तिथे यावं. पण नियमांचे क्रमांक आणि आकडे तेच हवेत, आणि "परिस्थितीनुसार" सारखी पळवाट एकही नको. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. सुपरवायझरच्या कागदाने जे करायला परवानगी दिली आहे आणि मजुराच्या चित्राने जे थांबवलं आहे, असं एक तरी उदाहरण सापडतं का? सापडलं तर कागद तयार नाही.

पाचवी पायरी: चित्र, आणि ते उलटं वाचलं जातं का

तांत्रिक माणूस चराचं चित्र काढतो ते छेद घेऊन: जमीन मधोमध कापली आहे आणि बाजूने दिसते आहे. शाळेत किंवा कामावर नकाशे पाहिलेल्याला ते सहज कळतं. ज्याने कधी छेद पाहिलेला नाही त्याला तिथे भिंत, पायऱ्या किंवा टाकी दिसू शकते. म्हणून चित्र काठावर उभ्या माणसाच्या नजरेतून काढा, किंवा आपल्याच साइटचा फोटो वापरा. एका चित्रात एकच कृती. बाणांनी चार पायऱ्या एकामागून एक दाखवायच्या असतील तर लक्षात ठेवा की डावीकडून उजवीकडे जाण्याची सवय वाचनातून येते. न वाचणारा कुठूनही सुरुवात करेल. खाली-खाली रचून मोठे अंक घातले तर गोंधळ कमी होतो, कारण अक्षर न ओळखणाऱ्यांपैकी अनेकांना अंक ओळखता येतात.

मनाईचं चिन्ह आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे लाल गोल आणि तिरकी रेघ, करायलाच हवं त्याला निळा गोल, धोक्याला पिवळा त्रिकोण, बाहेर पडण्याच्या वाटेला हिरवा चौकोन. आकार आणि रंग दोन्ही एकत्र ठेवा, रंग न ओळखता येणारे लोक असतात. तिरकी रेघ जिथे माणूस चुकीचं करतो आहे नेमका तो भाग झाकते का, हे पाहा. झाकला की चित्राचा उपयोग संपला.

मग चाचणी घ्या. या कामाशी ओळख नसलेल्या दहा-बारा मजुरांना एकेकटं बोलवून, काहीही न सांगता चित्र दाखवा आणि विचारा, "यात काय करायला सांगितलंय?" अमेरिकन मानकात सुरक्षा चिन्हासाठी किमान ८५ टक्के बरोबर उत्तरं आणि उलटा अर्थ घेणारे फार तर ५ टक्के, अशी कसोटी आहे. दहा माणसांत टक्केवारी काढत बसण्यात अर्थ नाही. "कळलं नाही" म्हणणारे दोघे असतील तर चित्र सुधारा. पण एकानेही "असं उतरायचं" असा उलटा अर्थ घेतला तर ते चित्र फेकून द्या. न कळलेला माणूस थांबून विचारण्याची शक्यता तरी असते. उलटं कळलेला मात्र आत्मविश्वासाने उतरतो.

सहावी पायरी: तोंडी वाक्य ठरवून द्या

सकाळच्या बोलण्यात मुकादमाला नियम स्वतःच्या शब्दांत सांगू देऊ नका. म्हणजे त्याला बोलू द्या, पण पाच नियमांची पाच वाक्यं ठरलेली असावीत, आणि तीच चित्राच्या पाटीखाली आणि तीच सुपरवायझरच्या कागदावर. वाक्य एका श्वासात बोलता आलं पाहिजे. "आधाराविना असलेल्या चरात प्रवेश करू नये असे नाही" अशी दुहेरी नकाराची कसरत नको. वस्तूंची नावं साइटवर जी चालतात तीच ठेवा. इंजिनिअरला तीच वापरायला लावा, मजुराला नवी शिकवू नका.

वेगवेगळ्या भाषांचे मजूर असतील तर पाच वाक्यं प्रत्येक भाषेत त्या भाषेच्या माणसाकडून बोलवून मोबाइलवर रेकॉर्ड करा. पण धोक्याची हाक एकच असू द्या. इथे "बाहेर!" आणि सोबत तीन लांब शिट्ट्या, कारण मशीनच्या आवाजात शब्द हरवतो. ही हाक कोणीही देऊ शकतो, काल आलेला मजूरसुद्धा, आणि ती खोटी ठरली म्हणून कोणी रागवायचं नाही. हे सुपरवायझरने स्वतः सगळ्यांसमोर सांगावं लागतं. नंतर एकदा तरी खोटी हाक देऊन बघा: किती जण हत्यार टाकून निघाले, किती जण वर पाहत राहिले, आणि कोण मदतीला चरात उडी मारायला धावला. गाडलेल्याला काढायला मागोमाग उतरलेला माणूसही दुसऱ्या ढासळण्यात सापडतो, म्हणून चौथ्या नियमाच्या सरावातच "कोणी उतरायचं नाही, मदत बोलवायची" हे घालून घ्या.

सातवी पायरी: समजलं का, हे विचारू नका

"समजलं का?" याला उत्तर "हो साहेब" हेच येतं. त्याऐवजी काठी हातात द्या: "भाऊ, हा चर मोजून दाखवा. उतरायचं की नाही ते सांगा." माणसाने करून दाखवलं की वहीत त्याच्या नावापुढे टिपा. रजिस्टरवर सही किंवा अंगठा घेणं तुमच्या ऑफिसला लागत असेल तर घ्या, पण ते समजल्याचा पुरावा धरू नका.

कोणाला वाचता येतं आणि कोणाला नाही, हे चारचौघांत उघडं करू नका. कागद मोठ्याने वाचायला सांगणं टाळा. मुकादमांमध्येही असे लोक असतात ज्यांनी वर्षानुवर्षं न वाचता साइट चालवली आहे. म्हणून सर्वांत आधी मुकादम आणि सुपरवायझर यांच्याकडून काठीची कसोटी करवून घ्या, मजुरांच्या पाठीमागे, निवांत. मजुरांसमोर चुकलेला मुकादम पुढे त्या काठीला हातही लावत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत काय बिघडतं

पाचवा नियम पहिला ढिला पडतो. तपासणी झाल्याची हिरवी पाटी लावायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण संध्याकाळी ती काढायची राहते आणि दुसऱ्या दिवशी पाटी खोटं बोलते. म्हणून इथे पाटीऐवजी शिडी वापरली आहे. काम संपलं, आतली माणसं मोजून बाहेर आली, की मुकादम शिडी वर ओढून ठेवतो. सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर चर बघून तोच लावतो. शिडी नाही म्हणजे चर बघितलेला नाही. माणसं आत असताना शिडी हलवायची नाही, हे मात्र तितक्याच ठळकपणे सांगावं लागतं.

फक्की पावसाने धुऊन जाते, लाल पट्टा चिखलाने झाकला जातो. आठवड्यातून एकदा कोण रंग पुन्हा लावेल ते ठरवा. "दोनच मिनिटांचं काम आहे" हे वाक्य ऐकू आलं तर ते कोणाच्या तोंडून आलं ते पाहा. ते बहुतेक वेळा कागद नीट वाचता येणाऱ्याचंच असतं. फळ्याच साइटवर नसतील तर लेखन सुधारून काहीही होणार नाही. ती खरेदीची अडचण आहे, तशी लेखी कळवा आणि तोवर चर उघडा ठेवू नका.

दोन-तीन आठवड्यांनी पहिल्या पायरीचा प्रश्न पुन्हा त्याच माणसांना, पुन्हा वेगवेगळं गाठून विचारा. "लाल पट्टा बुडाला आणि फळ्या नसल्या तर" असं सगळ्यांकडून आलं तर नियम एक झाला. मुकादमाकडून अजून "डोक्याच्या वर" आलं, तर त्याच्यासोबत काठी घेऊन चराशी जा.

नवी पाटी लावली त्याच दिवशी जुनी उतरवा, ऑफिसातली, गेटवरची आणि कंटेनरच्या दारावरची धरून. नव्या पाटीच्या कोपऱ्यात तारीख आणि क्रमांक टाका. दोन पाट्या वेगळं सांगत असतील, तर लोक त्यांतली सोयीची निवडतात.